त्यागाचं प्रमाण

दुपारी अडीच ते चार या वेळात मोताळ्यात काही घडत नाही, असं माझं पक्कं मत होतं. बाजाराचा दिवस सोडला तर आमच्या दुकानासमोरचा रस्ता त्या वेळी नुसता पडून असतो. पलीकडच्या रसवंतीचं चाक थांबलेलं असतं, कापसाची गाडी एखादी आली तर येते, आणि उन्हानं सगळं असं पांढुरकं झालेलं असतं की डोळे उघडे ठेवूनही माणूस अर्धा झोपेतच बसतो. मी मात्र त्या वेळात हिशेब लिहायची. डोकं पेंगत असलं की बेरजा मला चांगल्या जमतात, हे कोणाला सांगितलं तर हसतात. हसू देत.

दुकान पंप, मोटारी आणि पाइपांचं. पुढं काउंटर, मागं पत्र्याच्या छपराखाली वाइंडिंगचं काम, आणि दोन्हींच्या मधे, जिन्याखालच्या जागेत, माझं टेबल आणि कॉम्प्युटर. तिथं बसलं की दोन आवाज ऐकू यायचे. पुढून माझ्या नवऱ्याचा, गिऱ्हाइकाशी फोनवर चाललेला. मागून भाऊजींचा, तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्याचा. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे भागीदार, सख्खे कोणी नाहीत, पण वयानं मोठे आणि मानानं त्याहून मोठे. मोटारीत तार भरताना ते ओठातल्या ओठात मोजायचे. मधे कोणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. वेटोळं पुरं झालं, गाठ बसली, की मग मान वर करायचे आणि मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे. कधीकधी विचारणारा तोवर घरी गेलेला असायचा.

वार्निश लावलेल्या मोटारी भट्टीत ठेवल्या की एक गोडसर, कडवट वास सुटायचा. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासानं माझं डोकं दुखायचं. आता तो वास नसला की चुकल्यासारखं होतं.

दुकान आधी भाऊजींचं एकट्याचं. नंतर माझा नवरा त्यांच्यात आला आणि साठ-चाळीस ठरलं. शंभर रुपये नफ्यातले साठ त्यांचे, चाळीस आमचे. मी मलकापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, म्हणून लग्नानंतर वर्षभरात वह्या माझ्याकडे आल्या. पुढं गावातल्या आणखी पाच-सहा दुकानांचे हिशेब मी लिहू लागले. शेवटचा हात बुलढाण्याचे सीए फिरवतात, पण त्यांच्यापर्यंत जाईस्तोवर सगळं माझ्याच हातून जातं. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

तर एका उन्हाळ्यात भाऊजींनी भरलेली एक मोटार आठ दिवसांत जळून परत आली. त्या शेतकऱ्यानं भांडण केलं नाही. नुसती मोटार खाली ठेवली आणि म्हणाला, भाऊ, तुमच्या हातची हाय म्हणून घेऊन आलो, दुसरीकडं नाही नेली. भाऊजींनी ती उघडली, वेढे मोजले. एका वेटोळ्यात नऊ वेढे कमी होते. साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, तार हातात आहे का नाही तेच कळत नव्हतं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मोटार फुकट भरून दिली आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले की आता एक जोडीदार घेऊ.

जोडीदार त्यांनीच शोधली. बाजूच्या खेड्यातली पोरगी, बौद्ध घरातली, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, सात वर्षं औरंगाबादकडं कंपनीत मोटारींच्याच कामावर. वडील शाळेत शिपाई होते, आता घरी थकून बसलेले, म्हणून ती गावी परतली होती. पहिल्या दिवशी आली तेव्हा तिनं कोणाला काही न विचारता भट्टीचं तापमान पाहिलं आणि म्हणाली, हे वीस अंशानं जास्त दाखवून राह्यलं. खरंच दाखवत होतं. भाऊजी असे खूश झाले की दोन दिवस तेच सांगत फिरत होते.

वाटे ठरायला एक चहा पुरला. भाऊजींनीच सांगितलं: मी तीसवर येतो. बाहेरचं सगळं धावणं आता तुह्याच गळ्यात, तं तू पन्नास घे. पोरीले वीस. नवऱ्यानं जरा हो-ना केलं आणि मान हलवली. साठ-चाळीसचं तीस-पन्नास-वीस झालं. चहा गार व्हायच्या आत.

अडलं ते ख्यातीपाशी. नवीन माणूस चालत्या दुकानात येतो तेव्हा भांडवल तर आणतोच, पण दुकानाच्या नावाचीही किंमत भरतो, कारण त्या नावावर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नफा आता त्यालाही मिळणार असतो. पुस्तकात त्याला ख्याती म्हणतात, लोक गुडविल म्हणतात. हे ऐकून नवरा मोठ्यानं हसला. म्हणे, आपल्या दुकानावर पाटीसुद्धा धड नाही, नावाचे पैसे कोणते घेता. मला राग आला. मी म्हटलं, ती मोटार जळाल्यावरही माणूस परत इथंच आला, ते काय पाटी बघून आला? मग मी मागच्या तीन वर्षांचे नफे काढले. चार लाख, पाच लाख, सहा लाख. सरासरी पाच, आणि दोन वर्षांच्या नफ्याइतकी किंमत धरायची असं सगळ्यांच्या मतानं ठरलं. दहा लाख. वीस टक्क्यांचे दोन लाख पोरीनं ख्यातीपोटी भरायचे, भांडवलाचे तीन लाख वेगळे. ती म्हणाली, हाव, भरते. दुसऱ्याच आठवड्यात दोन चेक घेऊन आली.

दहा लाख हा आकडा ऐकून भाऊजींनी मात्र मला हळूच विचारलं, "वैनी, एवढं असते का हो नावाचं?" मी हो म्हटलं. ते मागं जाऊन तार भरायला बसले आणि त्या दिवशी दोनदा मोजणी चुकले.

आता माझी चूक सांगते. ती सांगायचीच तर नीट सांगितली पाहिजे.

नवीन भागीदार यायच्या आधी जुन्या लोकांचं आपसातलं झाडून-पुसून घ्यावं लागतं. माळ्यावर जुने स्टार्टर पडून होते, कोणी घेणार नव्हतं. त्यांची किंमत वीस हजारांनी खाली आणली. तो तोटा जुन्या दोघांचा, म्हणून साठ-चाळीस: भाऊजींचे बारा, आमचे आठ हजार वजा. मागच्या वर्षांत बाजूला ठेवलेला पन्नास हजारांचा राखीव निधी होता. तोही जुन्या दोघांच्याच घामाचा, म्हणून साठ-चाळीस: तीस आणि वीस हजार जमा. इथपर्यंत सगळं बरोबर. आणि त्याच हातासरशी, त्याच पेंगुळल्या दुपारी, पोरीनं आणलेले दोन लाखही मी साठ-चाळीस करून टाकले. भाऊजींना एक लाख वीस हजार, आमच्या खात्यावर ऐंशी हजार. हात वाहत गेला. वीस वर्षांत इतक्या दुकानांत नवे भागीदार घातले होते मी, पण ते कोणाचे ना कोणाचे पोरगे. ख्यातीचे पैसे तिथं कोणी भरत नसे, म्हणून ही नोंद कधी खरी करायची वेळच आली नव्हती.

ऐंशी हजार. खोटं कशाला बोलू, मी ते त्याच क्षणी मनातल्या मनात खर्च केले. माझ्या स्वयंपाकघरातला ओटा कोणा बुटक्या मिस्त्रीनं बांधला होता देव जाणे, माझ्या कंबरेच्याही खाली येतो. लग्न झाल्यापासून मी त्यापुढं वाकून उभी आहे. आता तो पाडून नवा, उंच, काळ्या ग्रॅनाइटचा. मी टेप घेऊन भिंतीवर पेन्सिलनं खूणही केली. नवऱ्यानं मिस्त्रीला सांगून ठेवलं. त्या आठवड्यात दुपारी टेबलाशी बसले की वेढे मोजण्याच्या आवाजात मला तो ओटा दिसायचा, त्यावर पडलेली खिडकीतली तिरीप दिसायची, आणि मी सरळ उभी राहून पोळ्या लाटते आहे असं दिसायचं. इतकं सुख झालं होतं त्या नुसत्या दिसण्याचं.

मग एका दुपारी पोरगी माझ्या टेबलापाशी आली. हाताला वार्निश लागलेलं, म्हणून कागदाला न शिवता वाकून वाचत होती. तिनं विचारलं, "काकू, मी वीस टक्के घेऊन राह्यली, ते कोणाच्या वाट्यातून?"

मी म्हटलं, दोघांच्या.

"दोघांच्या कसे? काकाचे तं चाळीसचे पन्नास झाले."

मी तिच्याकडं पाहिलं. ती काही पकडायला आली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिच्या वडिलांना जन्मभर कोणी ना कोणी सांगत आलं, सही कर, हिशेब कशाले पाह्यतो. आता आपण पैसे भरतो आहोत तर कोणाचं घेतो ते आपल्याला माहीत पाहिजे. ज्याचं घेतलं त्याची जाण ठेवता येते, म्हणाली. आणि हात धुवायला निघून गेली.

मी कॉम्प्युटर तसाच ठेवला आणि कागदावर मांडलं. भाऊजी साठवरून तीसवर, म्हणजे त्यांनी सोडले तीस. आम्ही चाळीसवरून पन्नासवर. आम्ही काहीच सोडलं नव्हतं, उलट दहा घेतले होते. भाऊजींच्या तीसमधले वीस पोरीकडं गेले आणि दहा आमच्याकडं. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात याला एक शब्द होता, त्यागाचं प्रमाण. जुन्या भागीदारांपैकी ज्यानं जितका वाटा सोडला, तितकी ख्याती त्याची. वर्गात त्या शब्दावर आम्ही पोरी हसायचो, की बघा, हिशेबातसुद्धा त्याग. आणि ज्याचा वाटा वाढला तो जुना असला तरी नव्यासारखाच, त्यानंही वाढलेल्या वाट्याची किंमत द्यायची. दहा लाखांचे दहा टक्के, एक लाख. पोरीचे दोन लाख पूर्ण भाऊजींचे. वर आमच्या भांडवलातून एक लाख भाऊजींच्या खात्यावर. म्हणजे त्यांचे तीन. आणि आमचे, ऐंशी हजार जमा नव्हेत, एक लाख नावे.

बाहेर ऊन तसंच होतं, रसवंतीचं चाक तसंच थांबलेलं. मला वाटलं, हे कोणाला कळणार आहे? भाऊजी तर वाचतसुद्धा नाहीत, मी बोट ठेवीन तिथं सही करतात. हा विचार माझ्या मनात आला होता, हे इथं लिहून ठेवते. किती वेळ राहिला ते सांगता येणार नाही. मागं मोजणी चालू होती, सत्तावन्न, अठ्ठावन्न, आणि मी ती ऐकत बसले होते. मग मी स्वतःवरच इतकी संतापले की कॅल्क्युलेटर ड्रॉवरमधे आपटला. सीएंच्या ऑफिसला फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचं दुसरं गणित बरोबर आहे. तिघांच्या मर्जीनं करारात वेगळं काही लिहिलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर असंच.

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्यानं आधी ते गंमत म्हणून घेतलं. मग ताटातला हात थांबला.

"वीस वर्षं मी उन्हातान्हात फिरलो," तो म्हणाला, "आता मीच पैसे भरू? अन् कशाचे? त्यानं सोडलं नाही काही. त्याच्या हातून सुटलं. सुटलेल्याचे पैसे कोणी मागते का?"

सुटलं आणि सोडलं. खरंच, बोटं बधिर झाली नसती तर भाऊजी तीसवर आले असते का? मी म्हटलं, पुस्तकात असं काही नसतं, वाटा कमी झाला की झाला. तो म्हणाला, पुस्तक तुले पोसते का? मग दोघांचाही तोल गेला. त्यानं विचारलं की मी त्याची बायको आहे का भाऊजींची मुनीम. मी म्हटलं, जेवण होईस्तोवर बायको आहे, हात धुतले की मुनीम. वरून असंही म्हटलं की ओटा मलाच हवा होता, आणि तोच मला नको झाला आहे, यापेक्षा आणखी काय सांगू. तो अर्ध्या ताटावरून उठला.

चार दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. लाख रुपये काही खिशातून काढून द्यायचे नव्हते, भांडवलातून कमी होणार होते. पण भांडवल कमी म्हणजे पुढची दोनेक वर्षं दुकानातून उचल कमी, हे त्याला कळत होतं आणि मलाही. मधे एक दिवस तो न सांगता शेगावला जाऊन आला. प्रसाद माझ्या टेबलावर ठेवला, बोलला काही नाही. मी प्रसाद खाल्ला. मीही बोलले नाही. माझाही स्वभाव काही कमी नाही.

त्या चार दिवसांतल्या दुपारी मला स्वप्नासारख्या आठवतात. नवरा पुढं फोनवर गोड बोलतो आहे. मागं भाऊजी पोरीला शिकवताहेत. आता तार तिच्या हातात, आणि मोजणी भाऊजींच्या तोंडात. ती वेढे घालते, ते डोळे मिटून मोजतात. बोटं तिची, आकडे त्यांचे. आणि मधे मी, दोन ताळेबंद समोर घेऊन, एक खोटा, एक खरा, दोन्ही बाजूंची बेरीज दोन्हींत सारखीच. ताळेबंदाचं हेच भय आहे. चुकीच्या माणसाला पैसे दिले तरी तो जुळतो.

कराराच्या सह्या करायचा दिवस उजाडला. बुलढाण्याहून कागद तयार होऊन आला होता. दुपारीच बसलो, शटर अर्धं खाली ओढून. भाऊजी, नवरा, पोरगी आणि मी. मी ठरवलं होतं की खरा ताळेबंद वाचायचा, मग घरी काय व्हायचं ते होवो. नवऱ्याकडं न बघता मी वाचत गेले. स्टार्टरचा तोटा, साठ-चाळीस. राखीव निधी, साठ-चाळीस. ख्याती, त्यागाच्या प्रमाणात. दोन लाख भाऊजींना. वाढलेल्या वाट्यापोटी एक लाख आमच्या खात्यावर नावे, भाऊजींच्या खात्यावर जमा.

भाऊजींनी मला ते शेवटचं दोनदा वाचायला लावलं. कळलं तेव्हा ते एकदम अस्वस्थ झाले. म्हणाले, पोरीचे घेतो, तिले हिशेब पाह्यजे म्हणून. पण ह्याचे कशाले? भावाजवळून कोणी घेते का? कागदावर लिहून टाका की मोठ्या भावानं लाख सोडले, त्यात काय एवढं. नवरा टेबलाकडं बघत होता. मला त्याचा चेहरा वाचता येतो. तिथं सुटकाही होती आणि दुसरंही काहीतरी होतं. नियमानं हे चालणारं होतं. तिघांची मर्जी लागत होती, बस. मी पोरीकडं पाहिलं.

तिनं मर्जी नाकारली नाही. तिला फक्त एक समजून घ्यायचं होतं. सरळ मनानं तिनं नवऱ्याला विचारलं, "काका, तुम्ही या दुकानात आले तवा ख्यातीचे किती भरले होते?"

शटरच्या खालून येणारा उजेड जमिनीवर पडला होता. मागं भट्टी चालू होती. भाऊजी म्हणाले, जाऊ दे ना, तवा कुठं होते असे कागद. पण नवरा आता त्यांच्याकडं बघत नव्हता, पोरीकडं बघत होता.

"काही नाही," तो म्हणाला.

"अन् चाळीस कोणाचे होते?"

"याचेच. शंभर याचेच होते." तो थांबला. "तवा याचे हात धडधाकट होते."

मग त्यानं माझ्यापुढचा कागद आपल्याकडं ओढला, जिथं लाख रुपये नावे लिहिले होते तिथं बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "हे असंच राहू दे. मी उगाच सुटलं सुटलं करून राह्यलो होतो." भाऊजी पुन्हा काही बोलायला गेले, तर म्हणाला, "तुमची मर्जी असून उपेग नाही, भाऊ. तिघांची लागते. माही नाही." आणि पहिली सही त्यानं केली.

मला तेव्हा रडू आलं, आणि रडणं मला अजिबात जमत नाही, नाक लाल होतं नुसतं. भाऊजींनी सही करायच्या आधी विचारलं की तो त्याग का काय म्हणून राह्यले ते नेमकं काय. मी सांगितलं, तुम्ही सोडलेला वाटा. ते हसले. लयच मोठा शब्द केला पुस्तकवाल्यांनी, म्हणाले. बधिर बोटांनी पेन धरून त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर मोजल्यासारखी सही केली.

त्याला आता काही वर्षं झाली. पोरीच्या हातच्या मोटारीही आता लोक लांबून विचारत येतात. भाऊजी दुपारी येतात, डोळे मिटून मोजतात, घरी जातात. माझा ओटा अजून तोच आहे. भिंतीवरची पेन्सिलची खूण पुसली नाही, तिच्याखाली वाकून मी रोज पोळ्या लाटते. कंबर दुखली की नवऱ्याला ऐकवते, तोही ऐकून घेतो.

सह्या झाल्या त्याच आठवड्यात, माळ्यावरचे ते स्टार्टर भंगारात काढताना त्यांच्याखाली भाऊजींची जुनी वही सापडली, माझ्या लग्नाच्याही आधीची. त्यांच्या वाकड्या अक्षरात रोजची उधारी, तारेचं वजन, कोणाची मोटार कधी दिली ते. एका पानावर माझ्या नवऱ्याचं नाव पहिल्यांदा येतं. समोर लिहिलंय, आजपासून चाळीस याचे. मी सवयीनं उजवीकडं पाहिलं. रकमेच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.